चरबी कमी करायला निघताना स्वतःला लिहायचे पत्र आणि वाईट दिवसांचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आहारसल्ल्याचे काम करताना मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावे एक पत्र लिहायला सांगतो. त्या पत्राबद्दल लोक फोनवर, संदेशांतून आणि पुष्कळदा सकाळी रंकाळ्यावर गाठून जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतेक माझीच आहेत, कारण हे पत्र मी सर्वांत आधी स्वतःसाठी लिहिले होते.

१. हे पत्र म्हणजे नेमके काय, आणि ते आधीच का लिहायचे?

आज तुमचे मन शांत आहे, पोट भरलेले आहे आणि निश्चय ताजा आहे. महिन्याभराने एखाद्या रात्री तुम्ही दमलेले, चिडलेले आणि नको तेवढे खाऊन बसलेले असाल. आजच्या माणसाने त्या रात्रीच्या माणसाला दिलेली लेखी सूचना म्हणजे हे पत्र. त्यात किती किलो उतरवायचे, कोणत्या मापाचे कपडे घालायचे, असले काही लिहायचे नाही. ज्या दिवशी ठरलेले मोडेल त्या दिवशी आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत काय करायचे, एवढेच लिहायचे.

आधी लिहायचे कारण असे की त्या रात्री माणूस नियम करायला बसला, तर तो शिक्षेचेच नियम करतो. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ साली एक साधा प्रयोग केला होता. काही जणांना आधी मिल्कशेक पाजले आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने त्यांच्यापुढे आइस्क्रीम ठेवले. एरवी खाण्यावर ताबा न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. खाण्यावर कायम नजर ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक न घेता जेवढे खाल्ले असते, त्याहून जास्त खाल्ले. आपल्याकडे याला वेगळे नाव द्यायची गरज नाही, कारण ‘आता बुडालंच की, मग खाऊया की’ हे वाक्य आपण सर्वांनी एकदा तरी उच्चारले आहे. पत्र लिहायचे ते या एका वाक्यासाठी.

२. ‘वाईट दिवस’ कशाला म्हणायचे?

याची व्याख्या पत्रातच हवी, नाहीतर चहाबरोबर खाल्लेली दोन खारी बिस्किटेही वाईट दिवसात जमा होतात. मी तीनच गोष्टी धरतो. पहिली, न ठरवता एखादे जेवण रोजच्या दुपटीच्या आसपास गेले. दुसरी, ठरलेले चालणे किंवा व्यायाम सलग दोन दिवस बुडाला. तिसरी, खाणे आणि चालणे नीट असूनही काटा वर गेला आणि त्यामुळे मन उतरले. ही तिसरी गोष्ट लोक धरत नाहीत, पण निम्मे लोक तिच्यामुळेच सोडून देतात. तिचा खुलासा प्रश्न ५ मध्ये आहे. आधीच ठरवून केलेले मोठे जेवण वाईट दिवसात मोडत नाही. त्यासाठी प्रश्न ७ पाहावा.

३. पत्रात किती नियम असावेत?

चार किंवा पाच. एका बाईंनी एकोणीस लिहून आणले होते. त्यांतले किती आठवतात असे विचारल्यावर त्यांना तीन सांगता आले, तेव्हा तेवढेच ठेवून बाकीचे खोडले.

४. नियम कसे शब्दांत मांडावेत? नमुना मिळेल का?

‘मी हार मानणार नाही’, ‘मी तोंडावर ताबा ठेवीन’ ही वाक्ये नियम नव्हेत, कारण रात्री साडेनऊ वाजता त्यांचे करायचे काय हे कळत नाही. नियमात आधी प्रसंग हवा आणि लगेच त्या प्रसंगातली कृती हवी: अमुक झाले, तर मी तमुक करीन. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ‘जर–तर’ स्वरूपाच्या अशा संकल्पांवर दीर्घकाळ काम केले आहे. नुसत्या इच्छेपेक्षा प्रसंगाला बांधलेला संकल्प अधिक वेळा पार पडतो, कारण प्रसंग समोर आला की कृती आपोआप आठवते, असे त्याचे म्हणणे आहे.

भाषा मात्र तुमच्या बोलण्यातलीच हवी. स्वतःला ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणणारे पत्र कार्यालयीन परिपत्रकासारखे वाटते आणि माणूस ते वाचत नाही. माझे पत्र असे होते:

> भावा, हे उघडलंयस म्हणजे जादा खाऊन बसलायस. असू दे.
>
> जेवण हाताबाहेर गेलं, तर पुढचं जेवण रोजच्याच वेळेला आणि रोजच्याच ताटाएवढं. उपाशी राहायचं नाही.
>
> तीन सकाळी काट्यावर चढायचं नाही. चौथ्या सकाळी चढ.
>
> चालणं रोजच्याएवढंच, दुप्पट नाही. पाऊस असला, अंग मोडलं असलं, तर जेवणानंतर दहा मिनिटं जिन्यात नाहीतर गल्लीत.
>
> दादाला फोन करून ‘आज जादा झालं’ एवढंच सांग. कारणं सांगत बसू नकोस.
>
> एका आठवड्यात तीनदा असं झालं, तर स्वतःला शिव्या देऊ नकोस, ताट बदल.

शेवटची ओळ मी नंतर वाढवली. तिचे कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

५. रविवारी मटण खाल्ले आणि सोमवारी काटा दीड किलो वर दिसला. एवढी चरबी एका रात्रीत खरोखर चढते का?

नाही, आणि हे गणित एकदा कागदावर करून पाहिले की पुन्हा कुणी सांगावे लागत नाही. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. दीड किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार किलोकॅलरी अधिक खाव्या लागतील. तांबडा-पांढरा, सुके मटण, भाकरी आणि भात कितीही हाणला, तरी एका बैठकीत तेवढे कुणाच्याने होत नाही.

मग काटा खोटा बोलतो का? तोही खरेच बोलतो, फक्त तो चरबी वेगळी काढून दाखवत नाही. त्या दीड किलोमध्ये तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे आतड्यांत अजून असलेले जेवण, ज्याचे स्वतःचेच वजन असते. दुसरी म्हणजे मिठामुळे थांबलेले पाणी, कारण रस्सा, पापड, लोणचे आणि खारे शेंगदाणे मिळून त्या दिवशी मीठ रोजच्यापेक्षा बरेच जास्त गेलेले असते. तिसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. यकृत आणि स्नायू पिष्टमय अन्नातली साखर ग्लायकोजेन या रूपात साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. कमी खाण्याच्या दिवसांत हा साठा अर्धवट रिकामा झालेला असतो. भाकरी-भाताने तो दोनशे ग्रॅमने भरला, तर पाण्यासकट आठशे ग्रॅम वजन तिथेच वाढले. पहिल्या आठवड्यात जे वजन झरझर उतरते, तेही बरेचसे हेच पाणी असते. उतरताना आपण ते आनंदाने मोजतो आणि चढताना रडतो.

आता माझाच एक आठवडा मांडतो. तेव्हा माझे वय ४२, उंची पाच फूट सहा इंच आणि वजन ८४ किलो होते. दिवसाची गरज अंदाजे २,२५० किलोकॅलरी होती आणि मी १,८०० खात होतो, म्हणजे रोजची तूट ४५०. सोमवार ते शनिवार सहा दिवसांची तूट २,७०० झाली. रविवारी चुलत भावाकडे न ठरवता बसलो आणि दिवसभरात साधारण ३,४५० झाले, म्हणजे गरजेपेक्षा १,२०० अधिक. आठवड्याची निव्वळ तूट उरली १,५००, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम चरबी तरीही कमी झाली. रविवार सरळ गेला असता, तर चारशे ग्रॅम झाली असती. एका जेवणाने आठवडा निम्म्यावर आणला, पण वाया घालवला नाही.

सोमवारी सकाळी काट्याने मात्र ८५.३ दाखवले. आठवडाभर उपाशी राहून वजन वाढले असे समजून मी पुढचे चार दिवस रागाने रोज २,६५० च्या आसपास खाल्ले. चार दिवसांचे जादा झाले १,६००, आणि उरलेली १,५०० ची तूट त्यात पुरती गेली. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत, कारण घरच्या ताटाचा हिशेब शंभर-दोनशे इकडेतिकडे होतोच. पण कोणत्या दिवसांनी किती नुकसान केले, हे त्यांतून स्पष्ट दिसते. तीन सकाळी काट्यावर न चढण्याचा नियम त्या आठवड्यातून आला. मीठ आणि पाणी ओसरायला बहुतेकांना दोन ते चार दिवस लागतात, तोवर काटा पाहून कोणताही शहाणा निर्णय होत नाही.

६. मग दुसऱ्या दिवशी कडक उपवास करून हिशेब चुकता का करू नये? गणित तर तेच सांगते.

कागदावर बरोबर आहे. तो प्रयोगही मी केला आहे. सोमवारी सकाळी न्याहारी टाळली आणि दुपारी जेवणाऐवजी साखरेचा चहा घेतला. असे चार कप झाले. संध्याकाळी सातपर्यंत स्वतःचे मोठे कौतुक वाटत होते. घरी येताना चौकात भेळ घेतली, ती उभ्या उभ्या संपवली, शेजारच्या गाड्यावर दोन वडापाव झाले, आणि घरी आईने ताट वाढलेले होते म्हणून तेही जेवलो. उपवासाचा तो दिवस नेहमीच्या दिवसापेक्षा जवळजवळ हजाराने महागात पडला.

दिवसभराच्या उपाशीपणानंतर मोजून खाणे फार थोड्यांना जमते. शिवाय यामुळे ‘हात सुटणे, मग शिक्षा, मग पुन्हा हात सुटणे’ असे चाक फिरू लागते आणि ते एकदा फिरले की थांबवणे अवघड होते. म्हणून पुढचे जेवण रोजचे: दोन भाकऱ्या असतील तर दोनच, उसळ किंवा अंडी, भाजी, ताक. भूक खरोखर नसेल तर भाकरी एक करावी, पण जेवणाची वेळ आणि ताट चुकवू नये. व्यायामालाही हेच लागू आहे. रविवारच्या मटणासाठी सोमवारी दुप्पट पळणाऱ्याचा गुडघा बुधवारी धरतो आणि आठवडा तिथेच संपतो.

७. आखाड, म्हाई, जत्रा, पाहुण्यांकडचे जेवण: कोल्हापुरात राहून हे टाळायचे कसे?

टाळायचे नाही, आधी पत्रात किंवा कॅलेंडरवर लिहायचे. जे जेवण चार दिवस आधी ठरवले आहे, त्याच्यानंतर ‘बुडालंच की’ हा विचार येत नाही, कारण काही मोडलेलेच नसते. मात्र आठवड्याला असे एकच जेवण. प्रश्न ५ मधला हिशेब पुन्हा पाहा: पाच दिवसांची तूट २,२५० आणि तशा दोन जेवणांचे जादा २,४००, म्हणजे आठवड्याच्या शेवटी हातात शून्य. आषाढात पाहुणे एका रविवारी तिघेजण बोलावतात, हे मला माहीत आहे. एकाकडे जेवावे, दुसऱ्याकडे चहाला जावे आणि तिसऱ्याला पुढचा रविवार द्यावा.

त्या जेवणातही एक जागा आहे जिथे लोक फसतात, ती म्हणजे रश्श्याची वाटी. तांबड्यावरचा तेलाचा कट डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस जपतो. पांढरा हलका वाटतो आणि लोक तो पाण्यासारखा पितात. पण त्यात मटणाच्या अर्काबरोबर नारळाचे दूध असते आणि खसखस, तीळ किंवा काजूचे वाटण असते. वाटी रिकामी झाली की वाढपी न विचारता भरतो, त्यामुळे किती प्यायलो हे कुणालाच सांगता येत नाही. माझा नियम असा की पांढऱ्याची वाटी दोनदा भरून घ्यायची आणि दुसऱ्यांदा संपली की ती ताटात पालथी ठेवायची. पालथ्या वाटीत कोल्हापुरातसुद्धा कुणी ओतत नाही. मटणाचे तुकडे आणि कांदा-लिंबू पोटभर घ्यावेत; हात आखडायचा तो भातावर आणि रश्श्यावर. काट्याचा तीन सकाळींचा नियम ठरवलेल्या जेवणानंतरही पाळावा.

८. सासूबाई आग्रह करकरून वाढतात. त्यांना हे पत्र दाखवावे का?

पत्र दाखवू नये, कारण मग ते घरात चर्चेला येते आणि प्रत्येक घासाला कुणीतरी त्याची आठवण करून देते. पत्रात आपल्या तोंडी घालायचे एकच वाक्य लिहून ठेवावे आणि दरवेळी तेच बोलावे. एका सुनेने लिहिलेले वाक्य मला आवडले: ‘आई, आमटी वाढा अजून, भात पुरे.’ त्यात नकारही आहे आणि वाढणाऱ्या हाताला कामही दिलेले आहे. ‘मी डाएटवर आहे’ हे वाक्य मात्र आपल्याकडे आग्रह दुप्पट करते.

९. जूनपासून पावसाने चालणे बुडते. तो प्रत्येक दिवस वाईट धरायचा का?

नाही. पावसाळा आपल्याकडे अचानक येत नाही, म्हणून त्याचा नियम मेमध्येच लिहावा. पंचगंगेला पूर येतो तेव्हा घाटाच्या बाजूचे रस्ते बंद होतात आणि काही दिवस घराबाहेर पडणेही होत नाही. अशा दिवसांसाठी पत्रात ‘किमान’ ठरवून ठेवावे: प्रत्येक जेवणानंतर घरात किंवा जिन्यात दहा मिनिटे चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे. याने फार काही जळते असे मी म्हणत नाही. रोजची वेळ मोडत नाही, हाच त्याचा उपयोग. पुराच्या आठवड्यात तूट ठेवायचीही गरज नाही. वजन आहे तिथे राहिले तरी पुष्कळ झाले.

१०. शिरोलीला रात्रपाळी आहे. माझा ‘दिवस’ कुठून धरायचा?

झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत. घड्याळाचे बारा वाजणे तुमच्या कामाचे नाही. पाळी बदलते त्या दिवशी झोप अपुरी होते, आणि अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढते व गोड-तळलेल्याकडे ओढ जाते, हे शरीराचेच वागणे आहे. म्हणून पाळीबदलाचा दिवस पत्रात नावाने लिहावा आणि त्या दिवशी डबा घरचाच न्यावा. कारखान्याच्या फाटकाबाहेर पहाटे पाचला मिळणारी मिसळ पाळी सुटताना दिसली, तर ती खाण्याचा निर्णय तेव्हा घेऊ नये. हवी असेल तर प्रश्न ७ प्रमाणे तिचा दिवस आधी ठरवावा.

११. पाळीच्या आधी दरमहा वजन वाढते आणि मला सोडून द्यावेसे वाटते. माझ्या पत्रात काय असावे?

पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांच्या शरीरात पाणी थांबते आणि काटा एक-दोन किलोनेही वर दिसू शकतो. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ते ओसरते. म्हणून तुमच्या पत्रात तुलनेचा नियम वेगळा हवा: या आठवड्याचे वजन गेल्या आठवड्याशी न ताडता मागच्या पाळीतल्या त्याच आठवड्याशी ताडावे. त्या दिवसांत भूकही वाढते. रोजच्या ताटात एक भाकरी किंवा मूठभर फुटाणे वाढवले, तर ते आधीच ठरलेले समजावे. चार महिन्यांच्या नोंदी हाताशी आल्या की हा प्रश्न पुन्हा पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

१२. माझे वाईट दिवस आठवड्यातून तीनदा येतात. नियम पाळूनही येतात. मनच कमजोर आहे का?

इथे मी मनाला दोष देणे आधी थांबवतो आणि ताट पाहतो. आठवड्याला तीन वाईट दिवस आणि तेही सलग दोन-तीन आठवडे होत असतील, तर बहुतेक वेळा तूट अतिमोठी असते. लवकर उतरावे म्हणून लोक हजार-अकराशे किलोकॅलरींवर जातात, चार दिवस टिकतात आणि पाचव्या दिवशी शरीर वसुली करते. असे असल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: हात सुटतो तो नेहमी संध्याकाळी पाच ते नऊमध्ये, जेवणाचे विचार दिवसभर डोक्यात असतात, थंडी जास्त वाजते, झोप मोडते.

अशा वेळी रोजचे खाणे दोनशे-अडीचशे किलोकॅलरींनी वाढवावे आणि ती वाढ संध्याकाळी चारच्या सुमारास द्यावी. दोन उकडलेली अंडी आणि एक फळ, किंवा वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ आणि ताक पुरते. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा हट्ट सोडून पाव किलोवर यावे. ज्यांनी हे केले, त्यांपैकी बऱ्याच जणांचे महिन्याचे वजन आधीपेक्षा जास्त उतरले, कारण तीन वाईट दिवसांचे एक-दोन झाले. तालमीतून बाहेर पडलेल्या जुन्या पैलवानांचे प्रकरण याच्या उलट असते. त्यांची मेहनत सुटलेली असते आणि खुराक राहिलेला असतो. गंगावेशीत उभ्याने प्यायलेले म्हशीचे ताजे दूध ते जेवणात धरतच नाहीत. त्यांच्या पत्रात पहिला नियम दुधाचाच घालावा लागतो.

१३. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतो. ते चांगले दिवस की वाईट?

फराळावर अवलंबून आहे. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे सुमारे ३५० किलोकॅलरी आणि तेवढेच शेंगदाणे म्हणजे सुमारे ५६५. त्यात तूप वेगळे. खिचडीची एक भरलेली बशी दोन भाकऱ्या आणि उसळीच्या जेवणापेक्षा सहज जड होते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. वरीचे तांदूळ, दही, राजगिऱ्याची भाकरी, रताळे आणि फळे असा फराळ पत्रात आधीच लिहून ठेवला, तर नऊ दिवस सरळ जातात. खिचडी एकदाच आणि वाटीने मोजून घ्यावी.

१४. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. हेच नियम चालतील का?

माझ्या पत्रातला पहिला नियम, म्हणजे जेवण न चुकवणे, तुमच्यासाठी इतरांहून महत्त्वाचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, गोंधळल्यासारखे होणे या खुणा दिसल्या आणि साखर ७० च्या खाली असली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. पत्रात हे ठळक लिहावे की ही साखर औषध आहे आणि तिच्यामुळे दिवस वाईट ठरत नाही. खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून गोळीचे प्रमाण तपासून घ्यावे, कारण वजन उतरू लागले की जुने प्रमाण जास्त पडू शकते.

ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत मधुमेह नसलेल्यांनीही तूट थांबवावी. गरोदर स्त्रियांनी हे पत्र लिहूच नये. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांशी बोलूनच खाणे कमी करण्याचा विचार करावा.

१५. हे पत्र कुणी अजिबात लिहू नये?

ज्यांना लपून, वेगाने, दुखेपर्यंत खाण्याचे झटके येतात, किंवा खाल्ल्यावर ओकारी काढण्याची, जुलाबाचे औषध घेण्याची सवय आहे किंवा होती, त्यांनी. त्यांच्या हाती ‘नियम’ आला की तो शस्त्र होतो. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागते. पहिले पाऊल अवघड वाटत असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येते. माझ्याकडे अशी व्यक्ती आली, तर मी काटा आणि वही दोन्ही बाजूला ठेवतो.

१६. महिना झाला, पत्र उघडलेच नाही आणि आठ दिवस सगळे सुटले. आता सोमवारपासून सुरू करू का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक मंगळवारी किंवा बुधवारी विचारतात. सोमवारपर्यंतच्या पाच दिवसांत ते ‘शेवटचे’ म्हणून काय काय खातात, हे मी ऐकलेले आहे. सुरुवात पुढच्या जेवणापासून करावी, मग ते गुरुवारचे रात्रीचे का असेना. पहिल्या दिवशी तूटही नको. फक्त वेळेवर, गरजेएवढे जेवावे. दुसऱ्या दिवसापासून जुने ताट. काटा चौथ्या सकाळी.

१७. पत्र ठेवायचे कुठे, आणि केव्हा बदलायचे?

फोनमध्ये ठेवू नका. तो उघडला की माणूस दुसरीकडेच जातो. जिथे हात सुटतो तिथे ठेवावे. माझे पत्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेले होते, फरसाणाच्या डब्याच्या समोर, कांदा-लसूण चटणीच्या बरणीशेजारी. दर पाच किलोंनी किंवा तीन महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, ते नव्याने लिहावे. वजन उतरले की गरजही उतरते आणि जुने आकडे चुकीचे ठरतात. नवे लिहिताना जुन्यातला जो नियम एकदाही कामी आला नाही, तो वगळावा. माझ्या पहिल्या पत्रात रात्री जेवल्यावर लगेच दात घासावेत असा एक नियम होता. दात घासूनही मी फरसाण खाल्ले, म्हणून दुसऱ्या पत्रात तो नव्हता. दुसऱ्या पत्रावर चटणीच्या तेलाचे दोन डाग पडले होते, ‘तीन सकाळी’ या शब्दांच्या बरोबर वर. तिसरे मी लिहिले तेव्हा वजन ७६ होते आणि फरसाणाचा डबा आईने वरच्या फळीवर हलवला होता, म्हणून पत्रही तिथे हलवले.